‘व्हाया’ राजापूर आणि ‘व्हिया’ नित्सा

कोकणातल्या गावाचा जुन्या वळणाचा पत्ता असा असतो: मु. पो. अमुक, व्हाया राजापूर, जि. रत्नागिरी. इथल्या ‘व्हाया’चा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टपाल आधी राजापूरला उतरणार आणि तिथून गावच्या शाखा पोस्टात जाणार, एवढंच. आता इटलीतल्या तोरिनो शहराचा एक पत्ता पाहा: `Via Nizza 88`. अक्षरं तीच, म्हणून आपला वाचक सहज समजतो की हे पत्र नित्सा नावाच्या कुठल्या तरी गावावरून जायचं आहे. खरं तर इटालियनमध्ये ‘व्हिया’ म्हणजे रस्ता. नित्सा हे त्या रस्त्याचं नाव, आणि 88 हा त्या रस्त्यावरच्या दाराचा क्रमांक.

हीच चूक उलट बाजूनेही होते. तोरिनोतली मैत्रीण कोकणात भेटकार्ड पाठवते तेव्हा तिला `Via Rajapur` दिसतं आणि ती ते रस्त्याचं नाव समजून रस्त्याच्या ओळीत लिहिते. ‘मु. पो.’ म्हणजे काय हे तिला कळत नाही, म्हणून ती ओळ गाळते, आणि तिच्याबरोबर गावाचं नावही जातं. कार्ड राजापूरच्या पोस्टात बरोबर पोहोचतं, पण तिथून पुढे कुठल्या गावी जायचं हे सांगणारं काहीच त्यावर उरलेलं नसतं.

दोन्हीकडे पत्त्याचं भाषांतर झालं आणि दोन्हीकडे टपाल अडलं. हे टाळायचं तर आधी पत्ता प्रत्यक्षात कोण वाचतं ते पाहावं लागतं.

पाकीट खालून वर वाचलं जातं

आपण पत्ता वरून खाली लिहितो: नाव, घर, रस्ता, गाव, देश. टपालखातं तो खालून वर वाचतं. सांगलीच्या पोस्टात पाकीट पडलं की तिथल्या माणसाला फक्त शेवटची ओळ हवी असते, ती म्हणजे देश. तोरिनो कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पाकीट इटलीच्या थैलीत जायला हवं, एवढंच त्याचं काम. ते इटलीत उतरलं की देशाच्या ओळीचं काम संपतं. आता वर्गवारीचं यंत्र त्याच्या वरची ओळ शोधतं, म्हणजे टपाल क्रमांक आणि शहर. त्यानंतर रस्ता आणि क्रमांक वाचून पाकीट एका पोस्टमनच्या वाटणीत येतं. सगळ्यात शेवटी तो पोस्टमन दाराशी उभा राहून नाव वाचतो.

म्हणजे एका पत्त्याला चार-पाच वाचक असतात आणि त्यातला फक्त पहिला वाचक पाठवणाऱ्याच्या देशातला असतो. जागतिक टपाल संघाचा नियमही याच समजुतीवर उभा आहे. देशाचं नाव पाठवणाऱ्याच्या देशात कळेल अशा भाषेत लिहावं आणि बाकीचा पत्ता ज्या देशात पोहोचायचा त्याच्या रीतीने. पत्ता रोमन लिपीत आणि आकडे 1, 2, 3 असे असावेत. पोहोचणाऱ्या देशाची लिपी वेगळी असेल तर त्या लिपीत पुन्हा लिहिलेलं चालतं.

या नियमातून कामाची सगळी सूत्रं निघतात. भारतातून इटलीला पाठवताना `ITALY` लिहायचं आणि त्याच्या वरचं काहीही भाषांतरित करायचं नाही. शहराचं नावसुद्धा नाही: `Torino` लिहायचं, ट्युरिन नव्हे, `Firenze` लिहायचं, फ्लॉरेन्स नव्हे. इटलीहून इकडे पाठवताना `INDIA` लिहायचं. इटालियनमध्येही आपल्या देशाचं नाव तेच आहे, त्यामुळे ती ओळ आपोआप जमते.

खालून वर वाचण्याच्या या सवयीमुळे आपल्याकडची एक रीत फार धोक्याची ठरते. आपण पाकिटाच्या डाव्या बाजूला खाली ‘प्रेषक’ लिहून स्वतःचा पत्ता घालतो. यंत्राला सगळ्यात खाली तोच पत्ता सापडला तर ते पाकीट तुमच्याचकडे यायचं आहे असं समजू शकतं. प्रेषकाचा पत्ता समोर डावीकडे वरच्या कोपऱ्यात किंवा पाकिटाच्या पाठीवर लिहावा. इटलीतही हीच पद्धत आहे.

तोरिनोचा एक पत्ता, ओळीओळीने

समजा सांगलीची पाटील आडनावाची एक विद्यार्थिनी तोरिनोत शिकते आहे आणि रोस्सी नावाच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. तिची मूळ गुणपत्रिका घरून पाठवायची आहे. पाकिटावर हे जायला हवं:

```
PATIL
presso ROSSI
Scala B Interno 14
Via Nizza 88
10126 Torino TO
ITALY
```

चौथ्या ओळीपासून सुरुवात करू. रस्त्याचा प्रकार आधी, मग नाव, मग क्रमांक, हा इटलीचा क्रम. आपण ‘88, अमुक रोड’ लिहितो. तिथे क्रमांक शेवटी येतो. रस्त्याचा प्रकार हा शोभेचा शब्द नाही. व्हिया म्हणजे साधा रस्ता, व्हियाले म्हणजे झाडांचा रुंद रस्ता, कोर्सो म्हणजे मोठा हमरस्ता, पियात्सा म्हणजे चौक, व्हिकोलो म्हणजे बोळ. एकाच शहरात एकाच माणसाच्या नावाचा रस्ताही असतो आणि चौकही. रोममध्ये व्हिया कावूर मुख्य रेल्वे स्टेशनापासून निघतो आणि त्याचा टपाल क्रमांक 00184 आहे. पियात्सा कावूर नदीच्या पलीकडे आहे आणि त्याचा 00193. दोन्हींचं भाषांतर ‘कावूर मार्ग’ असं केलं की पाकीट शहराच्या चुकीच्या टोकाला जातं. संक्षेपही जपून उतरवावेत. `C.so` म्हणजे कोर्सो, पण आपल्याकडच्या नजरेला ते ‘सोसायटी’चं चुकलेलं स्पेलिंग वाटतं आणि उतरवणारा ते ‘दुरुस्त’ करून टाकतो.

रस्त्याच्या नावात आकडा असेल तर आणखी काळजी घ्यावी. १८७० साली २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, म्हणून देशभर गावोगावी `Via XX Settembre` आहे. त्याचा ‘२० सप्टेंबर रोड, १२’ असा अवतार झाला की २० दाराचा क्रमांक की १२, हा घोळ सुरू होतो. रोमन आकडे जसे आहेत तसेच ठेवावेत.

आता 88. याला इटालियनमध्ये चिव्हिको म्हणतात. पालिका हा क्रमांक इमारतीला नाही, तर रस्त्यावर उघडणाऱ्या दाराला देते. त्यामुळे एका मोठ्या इमारतीला तीन फाटकं असतील तर तीन चिव्हिको असू शकतात, आणि एका फाटकाच्या आत चौकाभोवती अनेक जिने असू शकतात. 88/A किंवा 88 bis असं काही असेल तर तो क्रमांकाचाच भाग आहे, तो गाळायचा नाही. आपल्याकडे ‘बी/१४, ८८’ असं तिरप्या रेघेत फ्लॅट आणि इमारत एकत्र लिहायची सवय आहे, ती इथे सोडावी. जेनोआसारख्या शहरात रेघेनंतरचा आकडा घराचा क्रमांक समजतात, इतरत्र तो चिव्हिकोचा पोटक्रमांक समजला जाऊ शकतो. म्हणून जिना आणि घर वेगळ्या ओळीत, शब्दांसकट लिहिणं बरं.

ती वेगळी ओळ म्हणजे तिसरी. स्कालाचा शब्दशः अर्थ जिना, पण पत्त्यात तो आपल्या ‘विंग’चं काम करतो. फाटकातून आत गेल्यावर कुठल्या जिन्याने वर जायचं, हे तो सांगतो. इंतेर्नो म्हणजे आतल्या दाराचा क्रमांक. हे क्रमांक पुष्कळदा प्रत्येक जिन्याला नव्याने सुरू होतात, त्यामुळे 14 नंबरचं दार ए जिन्यावरही असतं आणि बी जिन्यावरही. म्हणून स्काला असेल तर तो लिहायलाच हवा. नसेल तर ‘ए विंग’ समजून स्वतःहून घालू नये. मजल्यांच्या बाबतीत मात्र आपली आणि त्यांची रीत जुळते. तळमजला वेगळा आणि पहिला मजला त्याच्या वरचा. मजल्याला ते पियानो म्हणतात.

दुसरी ओळ आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त राहून जाते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. इटलीत बऱ्याच इमारतींत दारावर क्रमांक नसतोच. फाटकाबाहेरच्या घंटीच्या पाटीवर आणि आतल्या टपालपेट्यांवर आडनावं असतात. पोस्टमन आडनाव शोधतो. पाटीवर फक्त रोस्सी असेल तर पाटील नावाचं पाकीट कुठे टाकायचं हे त्याला समजायचा मार्ग नाही, पत्ता शंभर टक्के बरोबर असला तरी. `presso ROSSI` म्हणजे आपलं ‘द्वारा रोस्सी’. वसईहून रोमला शिकायला गेलेले धर्मगुरू असोत की मिलानमधले विद्यार्थी, दुसऱ्याच्या घरात किंवा संस्थेत राहणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ लागते. दुसरा उपाय म्हणजे घरमालकाला सांगून पेटीवर आपल्या आडनावाची चिठ्ठी लावून घेणं. तसं केलं तर पाकिटावरचं स्पेलिंग आणि चिठ्ठीवरचं स्पेलिंग एकच हवं.

देवनागरीत नेलं आणि परत आणलं तर

याच पत्त्याचं मराठी रूप असं होईल: ‘व्हिया नित्सा ८८, जिना बी, दार १४, तोरिनो’. घरच्यांना मुलगी कुठे राहते हे कळावं, पत्रात किंवा मराठी कागदपत्रात उच्चार नीट यावा, यासाठी ते अगदी योग्य आहे. पण पाकीट लिहिणाऱ्याच्या हातात फक्त हे रूप असेल तर तो ते रोमनमध्ये परत कसं नेणार? तो `Viya Nitsa` लिहील. मात्सिनीचं `Mazzini` न होता `Matsini` होईल, आणि ‘किआया’वरून `Chiaia` हे स्पेलिंग तर कुणालाच सुचणार नाही. इटालियनमध्ये दोन z एकत्र आले की बहुधा ‘त्स’ होतो, h लागला की c चा ‘क’ होतो. देवनागरी उच्चार नेमका धरते, म्हणूनच त्यावरून मूळ स्पेलिंग परत मिळत नाही. त्यातून कुणी अर्थ लावायला गेलं तर आणखी पंचाईत होते. फ्रान्समधल्या नीस शहराला इटालियनमध्ये नित्सा म्हणतात, त्यामुळे जाणकार भाषांतरकार ‘नीस मार्ग’ लिहून मोकळा होऊ शकतो.

दाखल्यांची भाषांतरं करणाऱ्यांना म्हणून माझा आग्रह असतो की पत्ता पहिल्यांदा येईल तिथे मूळ रोमन रूप जसंच्या तसं द्यावं आणि त्याला जोडून देवनागरी उच्चार लिहावा. पुढच्या उल्लेखांत हवं तर नुसतं देवनागरी ठेवावं.

रस्त्यांची नावं भाषांतरित होऊनही टपाल पोहोचतं अशी जागा इटलीतच आहे. उत्तरेकडच्या बोल्झानो प्रांतात इटालियन आणि जर्मन दोन्ही अधिकृत भाषा आहेत. तिथे शहर `Bolzano` ही आहे आणि `Bozen` ही, रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत आहेत. दोन्ही नावं चालतात, कारण दोन्ही पालिकेच्या नोंदीत आहेत आणि तिथला पोस्टमन दोन्ही वाचतो. ‘नीस मार्ग’ कुठल्याही नोंदीत नाही.

पाच आकडे आणि सहा आकडे

इटलीचा टपाल क्रमांक पाच आकड्यांचा. त्याला काप म्हणतात, लिहितात `CAP`, आणि तो १९६७ पासून आहे. आपला पिन सहा आकड्यांचा, १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखला, जे संस्कृत कवीही होते. दोन्हींची बांधणी सारखीच आहे, डावीकडे मोठा प्रदेश आणि उजवीकडे लहान. 10126 मधला 10 म्हणजे तोरिनो प्रांत, पुढचा 1 म्हणजे खुद्द शहर, 26 म्हणजे शहरातला भाग. 416702 मधला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा, 416 म्हणजे वर्गवारीचा विभाग, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे राजापूरचं पोस्ट. राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात असलं तरी त्याचा पिन 416 ने सुरू होतो आणि कोल्हापूरचाही 416 नेच. टपालाच्या सीमा महसुली जिल्ह्यांवर बेतलेल्या नसतात. म्हणून जिल्हा पाहून कुणाचा पिन ‘सुधारायला’ जाऊ नये.

घोळ होतो तो संगणकाच्या फॉर्ममध्ये. परदेशी पाकिटाची माहिती आता बहुतेक वेळा आधी संगणकात भरली जाते आणि पत्त्याची चिठ्ठी त्यातूनच छापून येते. आपल्याकडचा एखादा फॉर्म पिनला सहा आकडे मागतोच. माणूस मिलानचा 20121 भरतो, फॉर्म अडतो, मग तो शेवटी शून्य लावून 201210 करतो. 201 ने सुरू होणारे पिन गाझियाबाद-नोएडाकडचे. आधी देशाच्या रकान्यात इटली निवडून पाहावं. बऱ्याच फॉर्मांत त्यानंतर सहा आकड्यांची सक्ती उठते. नाहीच उठली तर काप शहराच्या ओळीत, शहराच्या नावाआधी लिहावा आणि पिनच्या रकान्यात सहा शून्यं भरावीत. शून्याने सुरू होणारा पिन नसल्यामुळे तो आकडा कुठल्याच गावाकडे बोट दाखवत नाही.

रोमचे काप शून्याने सुरू होतात. पत्त्यांची यादी तक्त्यात ठेवली की संगणक 00184 ला संख्या समजून पुढची शून्यं टाकून देतो आणि उरतं 184. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवला तर हे होत नाही. जुन्या कागदांवर 10100 किंवा 20100 असा अख्ख्या शहराचा एकच काप दिसतो. ते आता चालत नाहीत. रस्ता आणि क्रमांक घालून खरा काप शोधावा लागतो. इटालियन टपालखात्याच्या संकेतस्थळावर `Cerca CAP` नावाची सोय त्यासाठीच आहे. लांब रस्त्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे काप असतात, म्हणून नुसतं रस्त्याचं नाव घालून थांबू नये.

कापनंतर शहर आणि मग दोन अक्षरं, `TO`. ही प्रांताची खूण. कास्त्रो नावाचं गाव बेर्गामो प्रांतात आहे आणि दक्षिणेला लेच्चे प्रांतातही आहे. `BG` आणि `LE` ही अक्षरं त्यांतला फरक दाखवतात. आपल्याकडे वडगाव लिहिलं की तालुका विचारावा लागतो, तसंच हे. पण इटालियन फॉर्म ही दोन अक्षरं भारतातल्या पत्त्यासाठीही मागतो आणि माणूस काहीतरी भरतो. पुण्यासाठी `PU` भरलं तर ती पेझारो-उर्बिनो प्रांताची खूण होते. ‘लागू नाही’ या अर्थाने इंग्रजी रीतीने `NA` भरलं तर ते नेपल्स होतं. इटालियन फॉर्मांत परदेशासाठी बहुधा `EE` असा पर्याय असतो, तो शोधावा.

> पाकीट बंद करण्याआधी
> देशाची ओळ सगळ्यात खाली, एकटी. तिच्या वर काप, शहर आणि प्रांताची दोन अक्षरं एकाच ओळीत. रस्ता आणि चिव्हिको एकत्र, क्रमांक शेवटी. स्काला आणि इंतेर्नो त्याच्या वर, शब्दांसकट. पेटीवर जे आडनाव आहे ते पाकिटावर आहे का, हे राहणाऱ्यालाच विचारून घ्यावं.

हाताने लिहिताना आकड्यांच्या आकाराकडेही लक्ष द्यावं. आपला १ परक्या नजरेला 9 वाटतो आणि ४ म्हणजे 8. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा ४११००४ इटलीतल्या यंत्राला 899008 वाटला तर त्यात नवल नाही. उलट इटालियन हाताचा 1 वर लांब शेंडी घेऊन येतो आणि आपल्याला तो 7 वाटतो. त्यांचा खरा 7 बहुधा पोटात आडवी रेघ घेतो. त्या रेघेवरून ओळखावा.

रस्ता नसलेला पत्ता आणि लाल आकडे

व्हेनिसचा जुन्या शहरातला पत्ता हाती आला तर आपल्याला वाटतं की त्यातून रस्ता गळला आहे: `Cannaregio 3000, 30121 Venezia VE`. काही गळलेलं नाही. जुनं व्हेनिस सहा भागांत वाटलेलं आहे आणि क्रमांक रस्त्यागणिक नव्हे, तर अख्ख्या भागाला सलग दिलेले आहेत, त्यामुळे ते हजारांत जातात. पुणेकराला हे लगेच उमगेल, कारण ‘अमुक इतके सदाशिव पेठ’ हा पत्ता याच तऱ्हेने बनतो. पेठेचं नाव आणि घराचा क्रमांक, रस्ता नाहीच. म्हणून फॉर्म रस्ता मागतो तेव्हा तिथे स्वतःहून `Via` जोडू नये. कान्नारेजो हेच रस्त्याच्या रकान्यात लिहावं.

फ्लॉरेन्समध्ये वेगळीच अडचण आहे. तिथे एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन मालिका चालतात, घरांची काळी किंवा निळी आणि दुकानांची लाल. लाल क्रमांकापुढे `r` लावतात. `15r` आणि `15` ही दोन वेगळी दारं आहेत आणि त्यांच्यात बरंच अंतर असू शकतं, कारण दोन मालिका एकमेकींना न विचारता पुढे सरकतात. एखाद्या चामड्याच्या दुकानाला पत्र पाठवताना तो छोटा `r` टंकलेखनाची चूक समजून पुसला की पाकीट कुणाच्या तरी घरी जातं.

उलट दिशेने, राजापूरकडे

आता तोरिनोची मैत्रीण कोकणात काय लिहील ते पाहू. टिंबांच्या जागी गावाचं नाव समजावं:

```
PATIL
House No. 112, Madhali Wadi
At Post ..........
Tal. Rajapur, Dist. Ratnagiri
MAHARASHTRA 416702
INDIA
```

इथे ‘व्हाया’ मुद्दाम गाळला आहे. पिन नव्हता तेव्हा गावच्या शाखा पोस्टाचं टपाल कुठल्या मोठ्या पोस्टातून जातं हे ‘व्हाया’ सांगत असे. आता ते काम पिनचे शेवटचे तीन आकडे करतात, म्हणून इटलीहून येणाऱ्या पाकिटावर तो शब्द नसला तरी अडत नाही. अडतं ते गावाचं नाव नसलं तर, कारण एकाच पिनखाली अनेक गावांची शाखा पोस्टं येतात. ‘मु. पो.’ची ओळ म्हणून कधीच गाळू नये. मैत्रिणीला आधीच कळवावं की त्या ओळीत गाव असतं आणि ती रस्त्याच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे.

शहरातल्या पत्त्यांत इटालियन माणूस मदत म्हणून भाषांतर करतो आणि त्यातून नुकसान होतं. फ्लॅटचं इंतेर्नो, विंगचं स्काला, मजल्याचं पियानो. पुण्यातल्या पोस्टमनला `Scala B` म्हणजे काय हे कसं कळणार? ‘मारुती मंदिरासमोर’ यासारखी खूणही इटालियनमध्ये नेऊ नये. ती वाचणारा पोस्टमन मराठी आहे, तेव्हा ती `Opp. Maruti Mandir` अशीच राहू द्यावी. इटालियन पत्त्यात अशा खुणा लिहायची रीत नाही म्हणून तिकडची माणसं त्या अनावश्यक समजून गाळतात, पण आपल्याकडे सर्व्हे नंबरवर वसलेल्या नव्या वस्तीत पोस्टमन खुणेवरच घर शोधतो.

गावचा पोस्टमन देवनागरी सहज वाचतो, तेव्हा तोच पत्ता मराठीत लिहिलेली चिठ्ठीही लावता येते. घरून चिठ्ठीचं चित्र पाठवावं आणि मैत्रिणीने ते छापून चिकटवावं. ती चिठ्ठी रोमन पत्त्याच्या वर किंवा डावीकडे असावी, खाली कधीच नको. खाली लावली तर `INDIA` ही ओळ शेवटची राहत नाही आणि इटलीतल्या यंत्राला न वाचता येणारा मजकूर आधी भेटतो.

पाकीट परत आलं तर

परत आलेल्या पाकिटावर बहुधा एक छोटी चिठ्ठी असते आणि तिच्यावर कारणापुढे खूण केलेली असते. टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच असल्यामुळे कारणं फ्रेंचमध्येही असतात. बरेच लोक ती न वाचता दुसऱ्या पाकिटावर तोच पत्ता पुन्हा लिहितात. खरं तर पत्त्याची कुठली ओळ चुकली हे त्या एका शब्दावरून कळतं.

`Sconosciuto` किंवा `Inconnu` असेल तर पोस्टमन दारापर्यंत पोहोचला होता, पण पाटीवर ते आडनाव नव्हतं. रस्ता, चिव्हिको, काप यांना हात लावायचा नाही. `presso` ची ओळ घालायची किंवा पेटीवर नाव लावायचं. `Indirizzo insufficiente` किंवा `Adresse insuffisante` असेल तर अडचण त्याच्या आधी आली आहे. चिव्हिको गाळला आहे का, व्हिया आणि कोर्सोची गल्लत झाली आहे का, जिना राहिला आहे का, हे तपासावं. `Indirizzo inesatto` म्हणजे दिलेला पत्ता चुकीचा आहे, आणि तिथे स्पेलिंगवर पहिला संशय घ्यावा; ते देवनागरीतून परत उतरवलेलं असेल तर बहुधा तिथेच चूक सापडते. `Trasferito` किंवा `Parti` म्हणजे माणूस दुसरीकडे राहायला गेला.

`Compiuta giacenza` किंवा `Non réclamé` मात्र पत्त्याची तक्रार नाही. पोस्टमन आला, घरी कुणी नव्हतं, त्याने पेटीत सूचनेची चिठ्ठी टाकली आणि ठरलेल्या मुदतीत पाकीट न्यायला पोस्टात कुणी गेलं नाही. अशा वेळी पत्ता बदलायचा नाही. तोच पत्ता पुन्हा लिहावा, पावतीवरचा तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, ज्याच्या शेवटी `IN` असतं, राहणाऱ्याला कळवावा, आणि पाकीट इटलीत उतरल्याची नोंद दिसली की रोज पेटी उघडून पाहायला सांगावं.